गच्चीवर सोलर बसवण्याआधी कोणाची परवानगी घ्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत मी दोन वेळा सेक्रेटरी होते. तेव्हापासून ओळखीपाळखीतून सोलरच्या परवानगीचे प्रश्न येत राहतात. पॅनल कोणतं घ्यावं हे क्वचितच कोणी विचारतं. "कोणाची सही लागते?" हाच सगळ्यांचा प्रश्न असतो. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या निवासी इमारतींपुरती आहेत.

१. सोलर बसवायला एकूण किती ठिकाणी परवानगी मागावी लागते?

तीन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या की गोंधळ होत नाही. पहिली, छत कोणाचं आहे? ते सोसायटीचं असेल तर सोसायटीची आणि घरमालकाचं असेल तर त्याची संमती लागते. दुसरी, वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे? तुम्ही घेतलेली आणि सोलरमधून उरून परत दिलेली, अशी दोन्हीकडची वीज मोजणारं मीटर म्हणजे नेट मीटर. त्यासाठीचा अर्ज त्या ग्राहकाच्या नावाने वीज वितरण कंपनीकडे जातो. तिसरी, छतावर उभा राहणारा सांगाडा बांधकाम ठरतो का? ठरत असेल तरच महापालिका किंवा नगरपालिका मध्ये येते.

बहुतेक लोक या तिन्हींची भीती उलट्या क्रमाने बाळगतात. महापालिकेला घाबरतात आणि सोसायटीला गृहीत धरतात. प्रत्यक्षात साध्या, बुटक्या सांगाड्याच्या बाबतीत महापालिकेचा संबंध फारसा येत नाही आणि वितरण कंपनीचं काम ठरलेल्या मुदतीत होतं. प्रकरण अडतं ते गच्चीच्या हक्कावर. म्हणून या पानातला मोठा भाग सोसायटीबद्दल आहे.

२. माझा स्वतंत्र बंगला आहे. मला तरी कोणाला विचारायची गरज नाही ना?

घर आणि वीजबिल दोन्ही तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर फक्त वितरण कंपनीकडचा अर्ज उरतो. 'पीएम सूर्यघर' योजनेचं अनुदान हवं असेल तर तो pmsuryaghar.gov.in या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करायचा. २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर धरला जातो आणि त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागला तर तेही वितरण कंपनीनेच करायचं असतं. त्यापुढच्या क्षमतेसाठी पाहणी होते आणि तिला १५ दिवसांची मुदत आहे.

घर वडिलोपार्जित असेल तर मात्र थांबा. मिळकत पत्रिकेवर तिघा भावांची नावं आणि बिल अजून आजोबांच्या नावावर, असं चित्र घरोघरी दिसतं. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या आणि भावांकडून छत वापरण्याची लेखी संमती घ्या. घरातली बोलणी गोडीत असतात तोवर हा कागद एका दुपारी होतो. वाटणीचा विषय निघाला की तोच कागद वर्षानुवर्षं होत नाही.

३. माझा फ्लॅट सर्वात वरच्या मजल्यावर आहे, गच्ची माझ्याच डोक्यावर आहे. तरी सोसायटीला विचारायचं?

हो, विचारायचं. वरच्या मजल्यावर राहिल्याने गच्ची तुमची होत नाही. गृहनिर्माण सहकारी संस्थेत ती सामाईक मालमत्ता असते आणि तळमजल्यावरच्या सभासदाचा तिच्यावर तुमच्याइतकाच हक्क असतो. बिल्डरच्या जाहिरातीत 'टेरेस फ्लॅट' असं छापलेलं असलं तरी त्यावरून काही ठरत नाही. नोंदणीकृत करारनाम्यात काय लिहिलं आहे ते पाहावं लागतं.

तुमच्या फ्लॅटला लागून असलेली आणि फक्त तुमच्याच दारातून जाता येणारी छोटी गच्ची करारनाम्यात तुमच्या वापरासाठी दिलेली असेल, तर मामला थोडा सोपा आहे. तिथेही खालचा स्लॅब आणि बाहेरचा दर्शनी भाग इमारतीचाच असतो. त्यामुळे कमिटीला लेखी कळवून मान्यता घेतलेली बरी. सामाईक गच्चीइतका वाद तिथे सहसा होत नाही.

४. सेक्रेटरींनी लेटरहेडवर एनओसी दिली आहे. तेवढी पुरते का?

इंस्टॉलरला पुरते, म्हणून लोकांना वाटतं की झालं. या एका कागदाने जितके लोक अडचणीत आलेले मी पाहिले तितके दुसऱ्या कशाने आलेले पाहिले नाहीत.

कमिटी ही सोसायटीचा रोजचा कारभार पाहते. सामाईक गच्चीचा एक तुकडा २०-२५ वर्षं एका सभासदाने वापरायचा, हा रोजचा कारभार नव्हे. तो निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे. सेक्रेटरींचं पत्र त्या ठरावाची पोच म्हणून ठीक असतं. मागे ठरावच नसेल तर ते फक्त एका व्यक्तीचं मत ठरतं.

हे आमच्याच सोसायटीत घडलं आहे आणि चूक आमची, म्हणजे कमिटीची होती. एका सभासदाला आम्ही पत्रावर परवानगी दिली. दीड वर्षाने निवडणूक होऊन नवी कमिटी आली. दुसऱ्या एका सभासदाने विचारलं, "यांना कोणत्या ठरावाने दिली? मलाही द्या." इतिवृत्ताची वही उघडली तर तिथे नोंदच नव्हती. बसवलेली पॅनलं काढायला कोणी लावली नाहीत, पण सभेत मागाहून मान्यता घेताना त्या गृहस्थांना चार महिने प्रत्येकाच्या दारी जावं लागलं. आधी एक सभा घेतली असती तर ते टळलं असतं.

५. मग सभेत विषय कसा आणायचा?

आधी कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जासोबत गच्चीचा हाताने काढलेला का होईना नकाशा जोडा. पॅनल कुठे बसणार, केबल कुठल्या डक्टमधून खाली येणार आणि मीटर कुठे लागणार, एवढं त्यात दिसलं पाहिजे. नकाशा नसलेल्या अर्जावर सभेत दीड तास नुसता अंदाजांचा खेळ चालतो.

आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेसाठी १४ दिवसांची आणि विशेष सभेसाठी पूर्ण ५ दिवसांची सूचना लागते. विषय सूचनापत्रिकेत स्पष्ट छापलेला हवा. 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय' या सदरात सोलर घुसवू नका. ज्याला नंतर हरकत घ्यायची आहे त्याच्या हाती तुम्ही आयतं निमित्त देता. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी असेल ती. २४ सभासदांच्या सोसायटीत म्हणजे १६.

तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारून नोंदवले आहेत ते मात्र आधी बघा. गच्ची भाड्याने किंवा लायसन्सवर देण्यावर उपविधींमध्ये निर्बंध असतात. म्हणून ठरावात 'भाडं' हा शब्द येऊ देऊ नका. सभासदाला ठरावीक जागा सोलर संच ठेवण्यासाठी वापरू देणं, अशीच भाषा ठेवा.

६. ठरावात नेमकं काय लिहून घ्यावं?

"श्री. अमुक यांना सोलर बसवण्यास परवानगी देण्यात येत आहे" एवढ्यावर ठराव संपवू नका. कोणती जागा, किती क्षमता, किती काळ, गळती झाली तर खर्च कोणाचा आणि दुरुस्तीच्या वेळी संच कोण हलवणार, या पाच गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. मी लोकांना देते तो मसुदा असा आहे:

"फ्लॅट क्र. ___ चे सभासद यांना इमारतीच्या गच्चीवरील सोबतच्या नकाशात दाखवलेली ___ चौरस मीटर जागा ___ किलोवॅट क्षमतेचा सौर संच बसवण्यासाठी वापरण्यास मान्यता देण्यात येते. ही मान्यता जागेवर मालकी किंवा कायमचा हक्क निर्माण करत नाही. स्लॅबला छिद्र न पाडता संच बसवायचा आहे. संचामुळे गळती किंवा नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च सभासद करतील. वॉटरप्रूफिंग, टाकीची दुरुस्ती किंवा पुनर्विकास यांसाठी सोसायटीने ३० दिवसांची लेखी सूचना दिल्यास सभासद स्वखर्चाने संच हलवतील. गच्चीवर जाण्या-येण्याचा मार्ग मोकळा ठेवला जाईल. सभासदाने फ्लॅट हस्तांतरित केल्यास याच अटी नव्या सभासदाला लागू राहतील."

खाली सूचक आणि अनुमोदकाची नावं, बाजूने आणि विरुद्ध पडलेली मतं आणि ठराव क्रमांक लिहायला लावा. इतिवृत्ताच्या त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. ही प्रत तुमची खरी एनओसी.

७. मला ३ किलोवॅट बसवायचं आहे. सोसायटी तेवढी जागा देईल का?

इथे भावना बाजूला ठेवून गणित मांडलं की निम्मं भांडण मिटतं. उदाहरणासाठी चार मजल्यांची, २४ फ्लॅटची एक इमारत घेऊ. गच्ची ३८० चौरस मीटर आहे. त्यातून पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांचे ६० गेले. कठड्यालगतची मोकळी पट्टी आणि चालायच्या वाटा यांचे ७० गेले. टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली पडते ते आणखी ३० गेले. राहिले २२० चौरस मीटर.

१ किलोवॅटला ढोबळमानाने १० चौरस मीटर मोकळी, बिनसावलीची जागा लागते. म्हणजे या अख्ख्या गच्चीवर २२ किलोवॅट बसेल. ते २४ घरांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ९ चौरस मीटर, म्हणजे एक किलोवॅटलाही कमीच.

आता तुम्ही ३ किलोवॅट मागता तेव्हा ३० चौरस मीटर मागता. तुमच्या वाट्याच्या तिपटीहून जास्त. अशा सात जणांनी अर्ज केले की गच्ची भरली, उरलेल्या १७ जणांना काहीच नाही. सभेत हात वर करून विरोध करणारा शेजारी दर वेळी खडूस असतोच असं नाही. कधी कधी त्याने हे गणित तुमच्या आधी केलेलं असतं.

यातून मार्ग दोन. सभेने 'जो आधी येईल त्याला, पण कमाल अमुक चौरस मीटर' अशी मर्यादा सर्वांसाठी एकच ठरवावी. किंवा ज्यांना सोलर नको आहे त्यांनी आपला वाटा ठरावीक वर्षांसाठी दुसऱ्याला वापरू देण्याचं लेखी पत्र द्यावं आणि सभेने त्याची नोंद घ्यावी. दुसरा मार्ग ऐकायला छान वाटतो, पण दहा वर्षांनी त्या घरातल्या मुलाला इलेक्ट्रिक गाडीसाठी सोलर हवं असतं. मुदत न घातलेलं पत्र घेऊ नका, देऊही नका.

उंच इमारतीत वैयक्तिक संचाचा हट्ट सोडलेला बरा, असं माझं मत. का, ते प्रश्न ८ मध्ये.

८. सगळ्यांनी मिळून एकच प्लांट बसवला तर परवानगी सोपी होते का?

बरीच सोपी होते. गच्ची सोसायटीची, संच सोसायटीचा आणि मीटरही सोसायटीचं असेल, तर 'त्याला का, मला का नाही' हा प्रश्नच उरत नाही.

वरचीच इमारत पुढे नेऊ. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर महिन्याला १,००० युनिट लागतात असं धरू. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. सामाईक वापर भागवायला ९ किलोवॅट पुरेत. जागा ९० चौरस मीटर लागेल. 'पीएम सूर्यघर'मध्ये गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. ९ किलोवॅटचे १,६२,००० रुपये झाले. या अनुदानाला घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट अशी मर्यादा आहे आणि तिच्यात सभासदांनी स्वतंत्रपणे बसवलेले संचही मोजले जातात. २४ घरांच्या सोसायटीला ही मर्यादा जाणवणारही नाही, तिची गच्ची आधी संपते.

उरलेल्या १३० चौरस मीटरवर १३ किलोवॅट बसतं. ते महिन्याला सुमारे १,५६० युनिट देईल, म्हणजे घरटी ६५. यासाठी व्हर्च्युअल नेट मीटरिंग ही पद्धत आहे. एका संचाची वीज ठरलेल्या टक्केवारीने अनेक ग्राहकांच्या बिलांत वळती होते. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत तिची तरतूद आहे. इथे ठरावात आणखी एक ओळ वाढते: कोणाला किती टक्के, आणि ते कोण बदलू शकतं. पैसे सारखे भरले तर वाटा सारखा, एवढं साधं ठेवलं तर पुढची भांडणं टळतात. थकबाकीदार सभासदाचा वाटा रोखायचा का, हे आधीच ठरवा.

९. कमिटी अर्जाला उत्तरच देत नाही. काय करू?

एक पंचमांश सभासदांच्या सह्या असलेलं मागणीपत्र दिलं तर कमिटीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते. २४ सभासदांत पाच सह्या पुरतात. विषय लिहून द्या, नकाशा जोडा आणि पोच घ्या. तरीही हालचाल नसेल तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

सभा झाली आणि बहुमताने नकार आला, तर गोष्ट वेगळी. उपनिबंधक सभेच्या जागी बसून तुमच्या बाजूने निर्णय देत नाहीत. वादासाठी सहकार न्यायालय आहे, पण तीन किलोवॅटसाठी वकिलाचा खर्च करावा का, हा हिशेब स्वतः करा. मला तरी असं दिसलं आहे की नकार बहुतेक वेळा सोलरला नसतो, गळतीच्या भीतीला असतो. प्रश्न १० वाचून तेवढं उत्तर घेऊन पुन्हा सभेत जा.

१०. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची गळेल. त्यांचं म्हणणं बरोबर आहे का?

चुकीच्या पद्धतीने बसवलं तर शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असतो. इंस्टॉलरने सांगाड्याचे पाय बसवायला त्यात ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग तिथे फुटतं आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या बेडरूमच्या छताला ओल येते. ओल ड्रिलच्या बरोबर खालीच दिसेल असंही नाही. पाणी कोब्यातून सरकत भलतीकडे उतरतं, म्हणून दोष कोणाचा हे सिद्ध करणं अवघड जातं.

उपाय म्हणजे सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवायचे आणि ते ठोकळे गच्चीवर नुसते ठेवायचे. वजनावरच सांगाडा उभा राहतो. ठोकळे किती जड हवेत हे वाऱ्यावरून ठरतं. भारतीय मानकात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्याचा ३९ मीटर धरलेला आहे. त्यामुळे पुण्यात चाललेलं डिझाइन मुंबईत तसंच उचलून ठेवू नये. इंस्टॉलरकडून वाऱ्याच्या भाराचा हिशेब सहीनिशी मागा. "आम्ही नेहमी असंच बसवतो" हे उत्तर आलं तर दुसरा इंस्टॉलर बघा.

बसवण्याआधी वरच्या मजल्यावरच्या घरांच्या छतांचे तारखेसह फोटो काढून त्या सभासदांच्या सह्या घ्या. नंतरच्या वादात याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचा होत नाही.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल बघा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवालात स्लॅबची दुरुस्ती सुचवली असेल तर आधी दुरुस्ती, मग सोलर.

११. आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. नियम तेच का?

नाही. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या इमारतीत पहिला कागद असतो घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन. गच्ची 'सामाईक' आहे की ठरावीक अपार्टमेंटसाठी राखलेली 'मर्यादित सामाईक' आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. पुण्यात अशा इमारती खूप आहेत आणि अनेक रहिवाशांनी तो कागद कधी पाहिलेलाही नसतो. परवानगी असोसिएशनच्या सभेत घ्यायची. ठरावाचा मसुदा प्रश्न ६ मधलाच चालतो, 'सभासद'च्या जागी 'अपार्टमेंटधारक' करा.

सोसायटी आहे पण अजून कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झालेली नाही, अशा ठिकाणी बिल्डर अधूनमधून गच्चीवर हक्क सांगतो. रहिवाशांचा ताबा असतो तिथे ठराव घेऊन काम पुढे नेतात, पण वाद कोर्टात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय मोठा खर्च करू नका.

१२. मी भाड्याने राहतो. सोलर बसवू शकतो का?

वीजजोडणी तुमच्या नावावर असेल, बिल तुम्ही भरत असाल आणि छत वापरायला मालकाची परवानगी असेल, तर बसवता येतं. अडचण अशी की लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचं बिल जवळजवळ नेहमी मालकाच्या नावावर असतं. मग अर्जदार मालक होतो, अनुदानही त्याच्याच खात्यात जातं आणि पैसे तुम्ही घातलेले असतात.

अकरा महिन्यांच्या करारावर स्वतःच्या पैशाने संच बसवू नका, असं मी सरळ सांगते. मालकाने बसवावा आणि भाडं थोडं वाढवून घ्यावं, हा व्यवहार दोघांनाही परवडतो. करार तीन-पाच वर्षांचा असेल आणि तुम्हालाच बसवायचा असेल, तर नोंदणीकृत करारातच कलम घाला: संच कोणाच्या मालकीचा, करार संपल्यावर तो काढून न्यायचा की मालकाने ठरलेल्या किमतीला घ्यायचा, आणि अनुदान कोणाचं. घर सोसायटीत असेल तर मालकाची संमती पुरत नाही. सोसायटीचा ठराव मालकाच्या नावाने घ्यावा लागतो, कारण सभासद तो आहे, तुम्ही नाही.

१३. आम्ही पागडीच्या घरात तीन पिढ्या राहतो. मालकाला विचारायची गरज आहे?

आहे, आणि इथे चूक महाग पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम उभारलं, तर घर रिकामं करून मागण्यासाठी मालकाला ते कारण मिळतं. एअर कंडिशनर, फॉल्स सीलिंग, एक्झॉस्ट अशी काही कामं त्या कलमाच्या स्पष्टीकरणात वगळलेली आहेत. त्या यादीत सोलर संचाचं नाव नाही.

नुसत्या ठोकळ्यांवर ठेवलेला संच 'कायमस्वरूपी बांधकाम' नाही असा युक्तिवाद करता येईल. पण तो युक्तिवाद तुम्ही कोर्टात उभे राहून करत असाल, आणि पणाला घर लागलेलं असेल. शिवाय पागडीच्या इमारतीत गच्ची बहुधा भाड्यात आलेलीच नसते. मालकाची लेखी संमती मिळाली तरच पुढे जा. तोंडी 'हो' म्हणणारे मालक गेल्यावर त्यांचे वारस ते 'हो' मानत नाहीत.

१४. महापालिकेची बांधकाम परवानगी लागते का?

आहे त्या गच्चीवर, गच्चीच्या पातळीजवळ तिरपी ठेवलेली पॅनलं हे सर्वसाधारणपणे बांधकाम समजलं जात नाही, त्यांचा एफएसआय मोजला जात नाही. उंच सांगाड्याची गोष्ट वेगळी, ती प्रश्न १५ मध्ये. मुंबईबाहेर राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईत डीसीपीआर २०३४.

मुंबई शहर भागात एक गोंधळ नेहमीचा. तिथे वीज बेस्टची आणि बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम, म्हणून 'बेस्टने मंजुरी दिली म्हणजे पालिकेने दिली' असं लोक धरून चालतात. बेस्टची मंजुरी नेट मीटरपुरती असते.

१५. पॅनलखाली बसायला जागा राहावी म्हणून उंच सांगाडा करायचा आहे. चालेल?

पुन्हा पुन्हा येणारा हाच प्रश्न मला सर्वात धोक्याचा वाटतो. आठ-नऊ फुटांचे खांब, वर पॅनल, खाली फरशी. मग पाऊस आत येतो म्हणून एका बाजूला पत्रा, उन्हासाठी दुसरीकडे जाळी, आणि दोन वर्षांत तिथे कपाट आणि पलंग येतो. पहिल्या दिवशीचा सोलर सांगाडा शेवटी गच्चीवरची खोली झालेला असतो.

अशा वेळी पालिका 'वर पॅनल आहेत' हे ऐकून घेत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली विनापरवाना विकासाची नोटीस येऊ शकते, मुंबईत पालिका कायद्याच्या कलम ३५१ खाली. सामाईक गच्चीवर असेल तर नोटीस सोसायटीच्या नावाने येते आणि मग सगळे सभासद तुमच्याकडे बघतात.

उंच सांगाडा हवाच असेल, उदाहरणार्थ टाकीच्या सावलीतून वर काढायला, तर परवानाधारक वास्तुविशारद किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा करून घ्या आणि पालिकेच्या बांधकाम विभागात तो दाखवून लेखी उत्तर घ्या. चारही बाजू उघड्या ठेवा. सोसायटीच्या ठरावात सांगाड्याची कमाल उंची आणि 'बाजूने कोणतेही आच्छादन करता येणार नाही' हे शब्द वाढवा.

१६. इमारत हेरिटेज यादीत किंवा विमानतळाजवळ आहे. काही वेगळं?

हेरिटेज इमारतीत बाह्य स्वरूप बदलणाऱ्या कामाला पालिकेमार्फत वारसा समितीचा अभिप्राय लागतो. उतरत्या कौलारू छपरावर रस्त्यावरून दिसणारी पॅनलं लावायची असतील तर आधी विचारा. विमानतळाजवळ प्रश्न उंचीचा असतो. मूळ इमारत मंजूर उंचीच्या अगदी काठावर असेल तर उंच सांगाड्याआधी विमानतळ प्राधिकरणाने मंजूर केलेली उंची तपासा.

१७. गच्चीवर बिल्डरने लावलेले जुने सोलर वॉटर हीटर बंद पडले आहेत. ते काढून तिथे पॅनल लावू का?

लगेच भंगारवाल्याला बोलवू नका. नव्या इमारतींना सौर पाणीतापक किंवा सौर वीजसंच बसवण्याची अट विकास नियमावलीत आहे आणि तुमचे हीटर त्या अटीखाली लागलेले असू शकतात. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र काढा आणि त्यातल्या अटी वाचा. अट असेल तर हीटरऐवजी वीजसंच बसवत असल्याचं पालिकेला लेखी कळवून उत्तर घ्या. हीटर कोणत्या घरांना जोडलेले होते, हेही पाहा. पाचव्या मजल्यावरच्या आजींचं पाणी अजून त्यावर तापत असतं आणि हे कमिटीला माहीत नसतं.

१८. उद्या फ्लॅट विकला किंवा इमारत पुनर्विकासाला गेली तर परवानगीचं काय?

परवानगी सभासदाला दिलेली असते, ती आपोआप खरेदीदाराकडे जात नाही. ठरावात प्रश्न ६ मधली शेवटची ओळ असेल तर अडचण नाही. नसेल तर विक्रीच्या वेळी सोसायटीकडून नव्या नावाने मान्यता घ्या. विक्री करारात संच फ्लॅटसोबत जातो की तुम्ही काढून नेणार, हे लिहा आणि नेट मीटरचा करार वितरण कंपनीकडे नव्या ग्राहकाच्या नावावर करून घ्या.

पुनर्विकासात संच काढून नेणं हे तुमचंच काम. बिल्डरसोबतच्या करारात नव्या गच्चीवर तेवढीच जागा मिळेल असं लिहून घेण्याचा प्रयत्न करा, पण त्यावर विसंबून राहू नका. नव्या इमारतीत घरं दुप्पट झालेली असतात आणि गच्ची तेवढीच असते.